शेवटच्या फेरीतून परत जाणाऱ्याला काय लिहावं?

नोकरीच्या निवडीत नकार दोन टप्प्यांवर मिळतो आणि बहुतेक कंपन्या दोन्ही ठिकाणी एकच मजकूर पाठवतात. पहिला नकार अर्ज बघूनच दिलेला असतो. बरेचसे अर्ज पहिल्या चाळणीतच गळतात. त्या उमेदवारांना आपण पाहिलेलं नसतं, त्यांनीही आपल्याला पाहिलेलं नसतं. तिथे दोन ओळींचा छापील मजकूर पुरतो.

दुसरा नकार अगदी शेवटी येतो. तोवर उमेदवाराने तीन-चार फेऱ्या दिलेल्या असतात. सध्याच्या नोकरीत काहीतरी कारण सांगून रजा काढलेली असते. कारखाना पाहिलेला असतो, पगाराच्या स्लिपा दिलेल्या असतात, रुजू व्हायला किती दिवस लागतील हे सांगितलेलं असतं. घरीही बोलणं झालेलं असतं. यायला-जायला बस आहे का, मुलाची शाळा बदलावी लागेल का, इथपर्यंत विचार पोचलेला असतो. अशा माणसाला ‘आपल्या अर्जाबद्दल धन्यवाद, आपली निवड झालेली नाही’ एवढंच आलं, तर त्यातून त्याला कळतं की चार भेटींनंतरही आपण यांच्यासाठी एक अर्जच होतो.

अगदी जवळ जाऊन हुकण्याचं दुःख वेगळं असतं. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या चेहऱ्यांवरचे भाव अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासले. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कांस्यपदक मिळवणारे खेळाडू रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले. कांस्य मिळालेला ‘निदान पदक तर मिळालं’ असं म्हणतो आणि रौप्य मिळालेला ‘सोनं थोडक्यात गेलं’ असं म्हणतो, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. अंतिम दोघांतून परत जाणारा उमेदवार याच रौप्यपदकाच्या जागी उभा असतो. त्याच्या मनात एकच प्रश्न फिरत असतो: नेमकं कुठे कमी पडलो?

याच माणसाची कंपनीला पुढे सगळ्यात जास्त गरज पडू शकते. त्याची पारख करून झालेली आहे, तो नोकरीला लायक आहे हे ठरलेलं आहे, फक्त जागा एकच होती. म्हणून त्याला जाणारा पाच-सहा ओळींचा निरोप विचार करूनच लिहायला हवा. तो कसा लिहावा हे एका उदाहरणावरून पाहू.

एक जागा, दोन लायक माणसं

समजा, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. तिला सप्लायर क्वालिटी इंजिनिअर हवा आहे. बाहेरच्या छोट्या कारखान्यांकडून येणाऱ्या मालाचा दर्जा राखणं हे या माणसाचं काम. शेवटी दोन उमेदवार उरतात. एकाने मोठ्या वाहन कंपन्यांची ऑडिट स्वतः अंगावर घेऊन पार पाडली आहेत. दुसरीला तो अनुभव नाही, पण तिची बुद्धी तल्लख आहे. आधीच्या कारखान्यात ॲल्युमिनिअमच्या कास्टिंगमध्ये बारीक पोकळ्या राहत होत्या. कारखान्याच्या भाषेत पोरॉसिटी. तिने नापास मालाच्या नोंदी शिफ्टनुसार मांडल्या, तेव्हा बहुतेक खराब माल शिफ्टच्या पहिल्या तासातला निघाला. साचा पुरेसा तापायच्या आत उत्पादन सुरू होत होतं. हे तिने शेवटच्या मुलाखतीत फळ्यावर आकृती काढून सांगितलं आणि समोरचे तिघेही लक्ष देऊन ऐकत राहिले.

नोकरी मात्र पहिल्याला द्यायचं ठरतं, कारण ग्राहक कंपनीचं ऑडिट पुढच्याच महिन्यात आहे. आता दुसरीला कळवायचं आहे.

कधी कळवायचं, हे आधी ठरवा

मजकुरापेक्षा वेळ जास्त वेळा चुकते. आपल्याकडे अनेक खासगी कंपन्यांत नोटीस पीरियड दोन ते तीन महिन्यांचा असतो. निवडलेला माणूस आज ‘हो’ म्हणतो, पण रुजू व्हायला तीन महिने लागतात. मधल्या काळात त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते, किंवा आपली ऑफर दाखवून तो तिसरीकडून जास्त रक्कम मिळवतो. एचआरमधल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. त्यामुळे दुसऱ्या उमेदवाराला काहीच न कळवता ‘होल्डवर’ ठेवण्याचा मोह होतो. पहिला आला नाही तर ही आहेच, असा हिशेब असतो.

हा हिशेब दुसऱ्याच्या जिवावर मांडलेला असतो. उत्तराची वाट पाहत ती दुसरी चांगली संधी सोडू शकते. शिवाय गप्प राहण्याचा अर्थ उमेदवारांना बरोबर कळतो. तीन महिन्यांनी फोन आला की तो का आला हेही कळतं. मग ती आली तरी मनात अढी घेऊन येते.

माझ्या मते योग्य क्रम असा आहे. निवडलेल्या माणसाला ऑफर दिली, पण त्याचा लेखी होकार आलेला नाही, अशा काळात दुसऱ्या उमेदवाराला थांबण्याचा निरोप द्यावा. त्यात तारीख असावी:

*‘निवडीचा निर्णय अजून पूर्ण झालेला नाही. तुम्ही अंतिम दोघांत आहात. निर्णय काहीही झाला तरी 14 तारखेपर्यंत आम्ही तुम्हाला नक्की कळवू. दरम्यान तुम्हाला दुसरीकडे उत्तर द्यायचं असेल तर आम्हाला सांगा.’*

यात काही खोटं नाही आणि शेवटच्या वाक्यामुळे तिचे हात बांधले जात नाहीत. ‘दुसऱ्याला ऑफर दिली आहे का?’ असं तिने सरळ विचारलं, तर ‘हो’ म्हणावं. पहिल्याचा लेखी होकार आला की एक-दोन दिवसांत तिला नकार कळवावा. तो रुजू होईपर्यंत थांबू नये. आणि 14 तारखेपर्यंत निर्णय झालाच नाही, तर त्या दिवशी तेवढंच कळवून नवी तारीख द्यावी.

पुढे पहिला आलाच नाही तर? तर फोन उचलून खरं सांगायचं: ‘ज्यांची निवड झाली होती ते रुजू होत नाहीत. तुम्हाला अजून रस असेल तर बोलू या.’ आपण दुसऱ्या क्रमांकावर होतो हे तिला आधीच ठाऊक असतं. सरळ सांगितलेलं माणूस पचवतो. लपवलेलं नंतर कळलं की ते मात्र टोचतं.

नेहमीचा मजकूर आणि त्याचे दोष

आता मजकुराकडे येऊ. अशा वेळी साधारणपणे असं काहीतरी पाठवलं जातं:

*‘आपण दाखवलेल्या रसाबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या गुणवत्तेने आम्ही अत्यंत प्रभावित झालो. सर्वच उमेदवार उत्तम असल्याने निवड करणं आम्हाला फार कठीण गेलं. तथापि, सखोल विचारांती आम्ही अन्य उमेदवारासोबत पुढे जाण्याचं ठरवलं आहे. आम्हाला याबद्दल खेद वाटतो. भविष्यात योग्य संधी निर्माण झाल्यास आपला अवश्य विचार केला जाईल. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’*

वाचायला सभ्य वाटतं. पण उमेदवाराच्या जागी बसून पाहा. पहिली तीन वाक्यं वाचताना तिची आशा वाढत जाते आणि चौथ्या वाक्यात ती आपटते. अमेरिकेत व्यावसायिक लेखन शिकवणाऱ्या किटी लॉकर यांनी 1999 मध्ये नकाराच्या पत्रांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कर्ज नाकारणारी आणि विद्यापीठातला प्रवेश नाकारणारी पत्रं त्यांनी विद्यार्थ्यांना वाचायला दिली होती. आधी गोड प्रस्तावना करून मग नकार देण्याचा सल्ला पाठ्यपुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या देत आली होती. त्या प्रस्तावनेने वाचणाऱ्याच्या प्रतिक्रियेत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही.  शेवटी संस्थेने स्वतःची फार जाहिरात केली, तर उलट परिणाम झाला.

दुसरा दोष ‘कठीण गेलं’ आणि ‘खेद वाटतो’ या शब्दांत आहे. ज्याला नकार मिळाला त्याला आपण आपलंच दुःख सांगत बसतो. समोरासमोरच्या सामाजिक नकारांवर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘सॉरी’ जोडून दिलेला नकार बिनमाफीच्या नकारापेक्षा जास्त दुखावतो असं दिसलं. माफी मागितली की समोरच्यावर ‘हरकत नाही’ म्हणण्याचं ओझं येतं. नोकरीच्या पत्राला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्यातलं शहाणपण इथेही कामाचं आहे. आपण उशीर केला असेल, मुलाखतीला बोलावून तासभर बसवलं असेल, तर त्याची माफी जरूर मागावी. निर्णयाची माफी मागू नये. तो निर्णय आपण विचार करून घेतलेला असतो.

तिसरा दोष सगळ्यात मोठा. या मजकुरातलं एकही वाक्य फक्त या उमेदवाराला लागू पडणारं नाही. आणि ‘अवश्य विचार केला जाईल’ यात विचार कोण करणार, कशासाठी, कधी, यांपैकी काहीच नाही. ज्यांनी अशी पत्रं पूर्वी वाचली आहेत, ते या वाक्याचा अर्थ ‘परत फोन येणार नाही’ असाच घेतात.

तोच निरोप, नीट लिहिलेला

*नमस्कार,*

*सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या पदासाठी तुम्ही आमच्याकडे चार वेळा आलात, त्याबद्दल आभार. या कामात पहिल्या महिन्यापासून ग्राहक कंपनीचं ऑडिट सांभाळावं लागणार आहे, म्हणून तो अनुभव असलेल्या उमेदवाराला आम्ही घेतलं आहे. त्यामुळे या वेळी तुमची निवड झालेली नाही.*

*कास्टिंगमधल्या पोरॉसिटीचं कारण तुम्ही शिफ्टनुसार नोंदी मांडून शोधलंत, ते आमच्या प्लांट हेडच्याही लक्षात राहिलं आहे.*

*येत्या वर्षात प्रोसेस क्वालिटी विभागात जागा निघण्याची शक्यता आहे. तुमची हरकत नसेल तर तुमची माहिती वर्षभर ठेवतो आणि जागा निघाली की जाहिरात देण्याआधी तुम्हाला फोन करतो. चालेल का, एवढं कळवा.*

*(नाव, हुद्दा, थेट फोन नंबर)*

मोबाइलच्या पडद्यावर एका नजरेत मावेल एवढाच मजकूर आहे. पहिल्या परिच्छेदात कारण आणि लगेच नकार. ‘निवड झालेली नाही’ हे शब्द जसेच्या तसे आहेत, कारण मऊ करण्याच्या नादात नकार धूसर झाला तर उमेदवार ‘मग पुढची फेरी कधी?’ असं विचारतो. तो प्रश्न आला की समजावं, आपला निरोप पोचलेला नाही.

कारण निवडताना फार जपावं लागतं. ते खरं असावं, कामाशी जोडलेलं असावं आणि एकच असावं. दोन-तीन कारणं दिली की ती दोषांची यादी वाटू लागते. इथलं कारण जागेच्या गरजेबद्दल आहे, उमेदवाराच्या उणिवेबद्दल नाही, आणि तेच खरंही आहे. शिवाय त्यातून तिला पुढे काय करायचं ते कळतं. ऑडिटचा अनुभव मिळवला तर हीच जागा तिच्या आवाक्यातली आहे.

‘तुम्ही आमच्या टीममध्ये बसत नाही’ असं कधी लिहू नये. त्याचा अर्थ उमेदवार आपल्या जातीपासून बोलण्याच्या ढंगापर्यंत कुठेही शोधू शकतो. लग्न, मूल, वय, राहण्याचं अंतर यांचा उल्लेखही नको, आणि यांपैकी एखादी गोष्ट खरोखरच निर्णयाचं कारण ठरली असेल तर दुरुस्ती पत्रात करून भागणार नाही, निर्णयातच करावी लागेल. निवडलेल्या माणसाचं नाव, त्याची कंपनी, त्याचा पगार हेही सांगू नये. ‘तो अनुभव असलेला उमेदवार’ एवढं पुरे. कारण पगाराचं असेल तर तसं लिहावं: ‘तुमच्या अपेक्षेएवढी रक्कम या पदासाठी आम्हाला देता येत नाही.’ नाहीतर बिचारी व्यक्ती नसलेली उणीव शोधत राहते.

मधल्या परिच्छेदात एकच वाक्य आहे, पण सगळा ओलावा त्यातूनच येतो. ते लिहिण्यासाठी मुलाखत घेणाऱ्याने त्याच दिवशी एक ओळ टिपून ठेवलेली असावी लागते. पंधरा दिवसांनी एचआरने विचारलं तर ‘चांगली होती’ यापलीकडे कुणाला काही आठवत नाही, आणि मग ‘प्रभावित झालो’ लिहावं लागतं. मुलाखतीच्या गुणपत्रकात ‘लक्षात राहिलेली एक गोष्ट’ असा रकाना ठेवला तर हे काम आपोआप होतं. मजकूर तपासण्याची एक सोपी कसोटी आहे: हाच निरोप दुसऱ्या उमेदवाराला तसाच पाठवता येईल का? येत असेल तर तो अजून लिहून झालेला नाही.

दार उघडं ठेवायचं, पण खरोखरच

शेवटच्या परिच्छेदात कोणत्या विभागात, किती काळात आणि कोण संपर्क करणार, या तीन गोष्टी आहेत. ‘नक्की घेऊ’ असं वचन नाही. जागा निघण्याची शक्यता आहे असं म्हटलंय, आणि निघाली तर फोन करू एवढीच हमी दिली आहे. एवढी हमी पाळता येते.

माहिती ठेवू का, हे विचारणं केवळ शिष्टाचार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख व्यक्तीच्या संमतीवर आणि माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती वापरण्यावर आहे. उमेदवाराने आपला बायोडेटा एका जागेसाठी दिलेला असतो. तो दुसऱ्या जागेसाठी वर्षभर ठेवायचा तर विचारून ठेवावा, आणि उत्तर आलं नाही तर ते ‘हो’ धरू नये. या प्रश्नाचा आणखी एक उपयोग होतो. ‘चालेल’ एवढं उत्तर द्यायला सोपं असतं, आणि ते आलं की बोलणं नकारावर न संपता होकारावर संपतं.

यातली चूक बहुधा नंतर होते. पत्र लिहिणारी व्यक्ती नोकरी सोडून जाते आणि तिच्यासोबत दिलेला शब्दही जातो. म्हणून हा शब्द कंपनीच्या नोंदीत असायला हवा. त्यासाठी साधी एक्सेलची यादी पुरते: उमेदवार, कोणत्या कामासाठी योग्य, लक्षात राहिलेली गोष्ट, संमती मिळाल्याची तारीख, माहिती काढून टाकण्याची तारीख. नवी जागा निघाली की जाहिरात लिहिण्याआधी ही यादी उघडायची, असा नियमच करावा. यादी ठेवायची तयारी नसेल तर पत्रातला तो परिच्छेद गाळावा. कारण, कौतुकाचं एक खरं वाक्य आणि आभार, एवढ्यावर संपलेलं पत्रही चांगलंच असतं.

काही वेळा दार उघडं ठेवूच नये. जुन्या मालकाकडे चौकशी केल्यावर गंभीर बाब कळली असेल, किंवा मुलाखत घेणाऱ्यांचं मत ‘या कामाला कधीच नको’ असं असेल, तर तिथे आशा दाखवणं क्रूरपणाचं आहे. थोडक्यात आभार मानून नकार द्यावा. सरकारी भरतीची गोष्टही वेगळी. तिथे निवड यादी आणि प्रतीक्षा यादी नियमाने चालते, आणि कुणा एकाला वेगळा दिलासा देणं अधिकाऱ्याच्या हातात नसतं.

फोन की लेखी?

शेवटच्या फेरीतल्या माणसाला आधी फोन करावा आणि मग हा मजकूर पाठवावा, असं मला वाटतं. फोन संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर करावा, कारण दिवसा ती सध्याच्या कचेरीत सहकाऱ्यांमध्ये बसलेली असते. आवाज ऐकताच तिला निवड झाली असं वाटतं. म्हणून ख्यालीखुशाली न विचारता पहिल्याच वाक्यात सांगावं: ‘निकाल कळवायला फोन केलाय. या वेळी निवड झालेली नाही. कारण सांगते आणि लेखीही पाठवते.’ मग थांबावं. ती गप्प राहिली तर ती शांतता भरून काढण्यासाठी कौतुक सुरू करू नये. फोन दोन-चार मिनिटांत संपतो. लेखी निरोप तिच्या स्वतःच्या ईमेलवर जावा, सध्याच्या कंपनीच्या पत्त्यावर कधीही नाही. आतापर्यंतचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर झालं असेल तर तिथे पाठवायलाही हरकत नाही.

‘आणखी काय सुधारू?’ असं तिने विचारलं, तर पत्रातलंच कारण थोडं उलगडून सांगावं. नवं कारण काढू नये. फोनवर एक आणि पत्रात दुसरं असं झालं की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

आपल्या उदाहरणातली कंपनी सात-आठ महिन्यांनी प्रोसेस क्वालिटीची जागा काढते, असं धरू. जाहिरात तयार आहे, पण नियमाप्रमाणे आधी यादी उघडली जाते आणि तिला फोन जातो: ‘तेव्हा म्हटलं होतं, त्याप्रमाणे फोन केला. जागा निघाली आहे. बोलायचं का?’ ती तोवर दुसरीकडे रमलेली असू शकते. तसं असेल तर ती तसं सांगेल, कदाचित आपल्या ओळखीतल्या चांगल्या माणसाचं नावही सुचवेल. आणि ती तयार असेल तर पहिल्या तीन फेऱ्या पुन्हा घ्यायचं कारण उरत नाही. थेट विभागप्रमुखांशी भेट ठरवता येते. दोन्ही वेळा कंपनीला करावी लागलेली गोष्ट एकच: लिहिलेल्या दिवशी जे शक्य होतं तेवढंच लिहिणं आणि नंतर ते पाळणं.